रात्रीच्या डॅशबोर्डसाठी क्रॉन: वेळ जमते, दिवस चुकतात

काम सोमवार ते शुक्रवार चालतं, शनिवार-रविवार सुट्टी. दिवसभराचे आकडे रात्रीतून डॅशबोर्डवर यायला हवेत. एवढं सांगितलं की बहुतेकांच्या हातून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत, ही ओळ उतरते:

```
30 2 * * 1-5 /opt/dash/refresh.sh
```

पहाटे अडीच वाजता, सोमवार ते शुक्रवार. वाचायला अगदी बरोबर, आणि तरीही चुकीची. सोमवारी पहाटे अडीचला हा जॉब चालतो तेव्हा त्याच्या दृष्टीने ‘काल’ म्हणजे रविवार. त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं, म्हणून तो रिकाम्या हाताने परततो. शुक्रवारचे आकडे उचलायला शनिवारी पहाटे जॉब चालायला हवा, तर शनिवार या ओळीत नाहीच. स्क्रिप्ट फक्त कालची तारीख घेणारी असेल, तर शुक्रवार डॅशबोर्डवर कधीच येत नाही. ‘मागच्या वेळेपासून पुढचं सगळं’ घेणारी असेल, तर तो सोमवारी येतो. यातली दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक, कारण सोमवारी सगळं जागेवर दिसतं आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही. महिनाअखेर शुक्रवारी आली आणि कोणी शनिवारी आकडे बघायला बसलं, की मगच आरडाओरड होते.

बरोबर ओळ अशी:

```
30 2 * * 2-6 /opt/dash/refresh.sh
```

मंगळवार ते शनिवार. मध्यरात्र ओलांडली की वार एकाने पुढे सरकतो, एवढाच मुद्दा. रात्री साडेअकराला चालवणार असाल तर `1-5` ठीक आहे, पण मग शेवटच्या अर्ध्या तासातल्या नोंदी दुसऱ्या दिवसावर जातील. मी स्वतः मध्यरात्रीनंतरची वेळ धरतो, कारण तेव्हा आदला दिवस पूर्ण संपलेला असतो.

पाच रकाने आणि वाचायचा क्रम

क्रॉनच्या ओळीत डावीकडून पाच रकाने असतात: मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), महिन्यातली तारीख (१ ते ३१), महिना (१ ते १२) आणि वार. वारात ० म्हणजे रविवार, १ सोमवार, असं करत ६ शनिवार. लिनक्सवरच्या नेहमीच्या क्रॉनमध्ये ७ सुद्धा रविवारच. रकान्यात तारा म्हणजे ‘कोणतंही चालेल’, स्वल्पविरामाने यादी होते, जोडरेषेने सलग पट्टा होतो आणि तिरकी रेघ म्हणजे त्या पट्ट्यात इतकं अंतर सोडून. `/etc/cron.d` मधल्या फायलींत पाच रकान्यांनंतर, कमांडच्या आधी, युजरचं नावही असतं. `crontab -e` मधली ओळ तिकडे तशीच चिकटवली की कमांडचा पहिला शब्दच युजर समजला जातो.

ओळ डावीकडून लिहिली जाते, पण मी ती डावीकडून वाचत नाही. आधी तारीख आणि वार हे दोन रकाने एकत्र बघतो आणि विचारतो, कोणकोणत्या दिवशी? मग महिना. वेळ सगळ्यात शेवटी, कारण वेळेतली चूक लगेच उघडी पडते. `30 2` ऐवजी `* 2` लिहिलं तर दोन ते तीनच्या दरम्यान जॉब साठ वेळा सुटतो आणि दुसऱ्याच सकाळी लॉग ओसंडून वाहिलेला दिसतो. दिवसातली चूक मात्र आठवडेच्या आठवडे गप्प बसते.

दोन्ही दिवस-रकाने भरले की काय होतं

समजा, रोजच्या रिफ्रेशशिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक वेगळा जॉब हवा आहे. तो मागच्या महिन्याचे आकडे कायमचे गोठवून ठेवतो, म्हणजे पुढे तुलना करता येते. पहिला सोमवार १ ते ७ तारखेतच पडतो, म्हणून मनात सहज येतं:

```
30 2 1-7 * 1 /opt/dash/freeze.sh
```

‘तारीख १ ते ७ आणि वार सोमवार’ असं आपण वाचतो. क्रॉन ते तसं वाचत नाही. बाकी रकान्यांत अट ‘आणि’ची असते: मिनिटही जुळलं पाहिजे, तासही, महिनाही. पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने बंधन घालणारे असतील, तर क्रॉन त्यांच्यात ‘किंवा’ लावतो. तारीख जुळली तरी चालतो, वार जुळला तरी चालतो. हा बग नाही, `man 5 crontab` मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘१ आणि १५ तारखेला, शिवाय दर शुक्रवारी’ अशी गरज एका ओळीत बसावी म्हणून नियम तसा आहे. आपली गरज मात्र बहुतेक वेळा उलटी असते.

सप्टेंबर २०२६ चं कॅलेंडर समोर ठेवून मोजू. १ तारखेला मंगळवार आहे, सोमवार ७, १४, २१ आणि २८ ला. आपल्याला हवा होता फक्त ७ तारखेचा सोमवार. वरची ओळ चालेल १, २, ३, ४, ५, ६, ७ ला, मग १४, २१ आणि २८ ला. एकाऐवजी दहा वेळा.

एका ठिकाणी नेमकी हीच ओळ मी लिहिली होती. गोठवणारा जॉब आधीची प्रत पुसून नवी ठेवायचा. दुरुस्तीच्या नोंदी उशिरा येत राहायच्या, त्यामुळे दर सोमवारी ‘गोठवलेले’ आकडे थोडे हलायचे. लोक विचारायचे की मागच्या महिन्याची बेरीज बदलते कशी, आणि आम्ही क्वेरी तपासत बसायचो, जॉइन तपासत बसायचो. शेवटी फायलीवरची तारीख पाहिली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बनलेली प्रत २१ तारखेची दिसत होती. तेव्हा कुठे नजर क्रॉनकडे वळली. गोठवलेली किंवा महिन्यातून एकदाच बनणारी वस्तू असेल, तर तिच्यावरची तारीख आधी बघा, क्वेरी नंतर.

याच नियमाची आणखी एक बाजू आहे, आणि ती भल्याभल्यांना चकवते. कोणी ‘१५ तारखेला, वार कुठलाही असो’ असं लिहिताना स्पष्टपणासाठी ताऱ्याऐवजी पूर्ण पट्टा लिहितं:

```
30 2 15 * 0-6 /opt/dash/mid.sh
```

`0-6` मध्ये सगळे वार आले, म्हणजे ताऱ्यासारखंच, असं वाटतं. पण क्रॉनच्या लेखी ते बंधन आहे, कारण तिथे तारा नाही. आता ‘१५ तारीख किंवा कोणताही वार’ अशी अट झाली, आणि जॉब रोज चालतो. `30 2 1-31 * 1` चंही तसंच: सोमवारी म्हणून लिहिलेला जॉब रोज पहाटे हजर.

म्हणजे क्रॉन अर्थ बघत नाही, अक्षर बघतो. लिनक्सवर सर्रास वापरात असलेलं व्हिक्सी क्रॉन आणि त्यातून निघालेलं क्रोनी, दोन्ही एवढंच तपासतात की दिवसाचा रकाना ताऱ्याने सुरू होतो का. सुरू होत असेल तर तो रकाना ‘मोकळा’ मानला जातो आणि मग दोन्हींत ‘आणि’ लागतो. पुढच्या दोन ओळींकडे नीट बघा:

```
30 2 */2    * 1 /opt/dash/x.sh
30 2 1-31/2 * 1 /opt/dash/x.sh
```

`*/2` आणि `1-31/2` म्हणजे त्याच तारखा: १, ३, ५, असं पुढे. तरी सप्टेंबर २०२६ मध्ये पहिली ओळ दोनदाच चालते, ७ आणि २१ ला, कारण तारा पुढे असल्यामुळे ‘विषम तारीख आणि सोमवार’ अशी अट होते. दुसरी ओळ सतरा वेळा चालते: पंधरा विषम तारखा आणि त्यांत न येणारे १४ व २८ चे सोमवार. अर्थ एकच, अक्षरं वेगळी, फरक पंधरा वेळांचा.

या ताऱ्याच्या लकबीचा फायदा घेऊन ‘पहिला सोमवार’ एका ओळीत बसवणारे लोक आहेत. मी ते करत नाही आणि दुसऱ्यालाही सुचवणार नाही. ती ओळ वाचणाऱ्या पुढच्या माणसाला ही लकब माहीत असेलच असं नाही, आणि दुसऱ्या शेड्युलरवर हलवली की अर्थ बदलतो.

मग लिहायचं कसं

माझा नियम साधा आहे: तारीख आणि वार यांतला एकच रकाना भरायचा, दुसऱ्यात नुसता तारा. दोन्ही अटी लागतच असतील तर दुसरी अट स्क्रिप्टमध्ये. पहिल्या सोमवारासाठी क्रॉनमध्ये फक्त सोमवार:

```
30 2 * * 1 /opt/dash/freeze.sh
```

आणि `freeze.sh` च्या सुरुवातीला:

```
day=$(date +%d)
[ "$day" -le 7 ] || exit 0
```

दर सोमवारी स्क्रिप्ट उठते, तारीख सातच्या पुढे असेल तर गुपचूप परत जाते. `exit 0` मुद्दाम लिहिलं आहे, म्हणजे जॉबवर नजर ठेवणारी यंत्रणा त्याला अपयश समजत नाही.

हीच अट क्रॉनच्या ओळीतच लिहायचा मोह झाला तर टक्क्याचं चिन्ह सांभाळा. क्रॉनमध्ये कमांडमधलं साधं `%` म्हणजे ओळ तिथेच तुटली, आणि पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून जातो. म्हणून तिथे `\%` लिहावं लागतं:

```
30 2 * * 1 [ "$(date +\%d)" -le 7 ] && /opt/dash/freeze.sh
```

टर्मिनलवर चाललेली कमांड क्रॉनमध्ये गप्प मरते, तेव्हा बहुधा हेच कारण असतं किंवा मग तोकडा `PATH`. स्क्रिप्टमध्ये अट ठेवली की टक्क्याचा प्रश्न मिटतो, म्हणून मला तोच मार्ग बरा वाटतो.

‘एक दिवसाआड’ आणि महिनाअखेर

तारखेच्या रकान्यात `*/2` लिहिलं की जॉब एक दिवसाआड चालेल असं वाटतं. महिन्याच्या आत तो तसा चालतोही. पण मोजणी दर महिन्याला १ पासून नव्याने सुरू होते. ३१ दिवसांच्या महिन्यात तो ३१ ला चालतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १ ला, पुन्हा. `*/7` म्हणजे आठवड्यातून एकदा नव्हे: १, ८, १५, २२, २९ आणि दोन-तीन दिवसांत परत १. आठवड्यातून एकदा हवं असेल तर वाराचा रकाना वापरा. खरंच एक दिवसाआड हवं असेल तर जॉब रोज उठवा आणि मागच्या वेळी कधी चाललो याची नोंद स्क्रिप्टलाच ठेवू द्या.

महिनाअखेरीसाठी ३१ लिहिणं ही तर सरळ चूक. `30 2 31 * *` वर्षातून सातच वेळा चालतं, कारण ३१ तारीख सात महिन्यांनाच आहे. पण इथे मध्यरात्रीचा नियम आपल्या मदतीला येतो. पहाटे अडीचला चालणाऱ्या जॉबला महिन्याचा शेवटचा दिवस शोधायचीच गरज नाही. महिना संपल्यावरची पहिली पहाट म्हणजे १ तारीख:

```
30 2 1 * * /opt/dash/month.sh
```

स्क्रिप्टने आपल्या ‘काल’ची तारीख काढली की २८, २९, ३० किंवा ३१, जे असेल ते आपोआप मिळतं. वर्षही तसंच: १ जानेवारीच्या पहाटे ‘काल’ म्हणजे ३१ डिसेंबर, आणि महिना-वर्ष त्या कालच्या तारखेवरूनच काढायचं, आजच्या नव्हे. आजच्या तारखेवरून महिना काढला तर जानेवारीचा रिकामा अहवाल तयार होतो.

सर्व्हरचं घड्याळ कोणत्या गावचं

आतापर्यंतचं सगळं गृहीत धरतं की सर्व्हरचा दिवस आणि तुमचा दिवस एकच आहे. बरेच सर्व्हर यूटीसीवर चालतात. तुमची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल, तर तुमचे पहाटेचे अडीच म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे नऊ. बरेच जण तास बदलतात आणि वार तसाच ठेवतात. `0 21 * * 2-6` लिहिलं की जॉब तुमच्या बुधवार ते रविवार पहाटे चालतो. सोमवारचे आकडे मंगळवारी येत नाहीत आणि रविवारची पहाट वाया जाते. बरोबर ओळ आहे:

```
0 21 * * 1-5 /opt/dash/refresh.sh
```

सुरुवातीला चूक ठरलेलं `1-5` इथे बरोबर ठरलं. म्हणून ओळ बघून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणण्याआधी `date` टाकून सर्व्हर कोणती वेळ सांगतो ते बघावं लागतं. स्क्रिप्टमधला ‘काल’सुद्धा इथे फसवतो: यूटीसीनुसार रात्रीचे नऊ वाजलेत आणि तुमचा ‘काल’ हा सर्व्हरचा अजून ‘आज’ आहे.

महिन्याच्या जॉबला तर हे आणखी जड जातं. तुमची १ तारखेची पहाट यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते, आणि तो दिवस साध्या क्रॉनमध्ये एका आकड्यात लिहिताच येत नाही. मग २८ ते ३१ रोज उठवून तुमच्याकडची तारीख तपासायची:

```
0 21 28-31 * * [ "$(TZ=Asia/Kolkata date +\%d)" = 01 ] && /opt/dash/month.sh
```

क्रोनीमध्ये क्रॉनटॅबच्या वर `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहिता येतं, आणि कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबला `timeZone` हे फील्ड आहे. अशी सोय असेल तर ती घ्या, म्हणजे वार आणि तारखा आपल्याच दिवसाप्रमाणे लिहिता येतील. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवतात, तिथे स्थानिक पहाटे दोन ते तीनच्या आसपासची वेळ टाळलेली बरी. एका रात्री ती वेळ येतच नाही आणि दुसऱ्या एका रात्री दोनदा येते.

ओळ दुसरीकडे नेताना

क्रॉन नावाखाली सगळीकडे एकच भाषा चालत नाही. जावाच्या जगातल्या क्वार्ट्झमध्ये सुरुवातीला सेकंदांचा रकाना असतो. एडब्ल्यूएसच्या इव्हेंटब्रिजमध्ये शेवटी वर्षाचा असतो. दोन्हीकडे रविवार १ आणि शनिवार ७, म्हणजे आपलं `2-6` तिथे सोमवार ते शुक्रवार होतं. वाराचे आकडे बिनतक्रार स्वीकारले जातात, दिवस मात्र एकाने मागे सरकतो. म्हणून तिथे आकड्यांऐवजी नावं लिहा:

```
0 30 2 ? * TUE-SAT
```

हे क्वार्ट्झचं. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘या रकान्याबद्दल माझं काही म्हणणं नाही’, आणि तारीख किंवा वार यांपैकी एका जागी ते द्यावंच लागतं. साध्या क्रॉनमध्ये ज्या ‘किंवा’ने घोळ होतो, तो इथे होऊच शकत नाही. मला हा नियम मनापासून आवडतो. क्वार्ट्झमध्ये पहिल्या सोमवारासाठी `2#1` अशी सोयही आहे. साध्या क्रॉनमध्ये ती नाही.

सेव्ह करण्याआधी तारखा छापून बघा

ओळ मनात वाचून खात्री करू नका. पुढच्या तारखा छापा आणि कॅलेंडरशी ताडून बघा. पायथनमध्ये `croniter` असेल तर एवढं पुरतं:

```
from datetime import datetime
from croniter import croniter

it = croniter("30 2 1-7 * 1", datetime(2026, 9, 1))
for _ in range(12):
    print(it.get_next(datetime).strftime("%a %d %b %H:%M"))
```

पहिल्याच ओळीत `Tue 01 Sep` दिसतं आणि सोमवारचा जॉब मंगळवारी चालणार आहे हे कळायला दुसरं काही लागत नाही. बारा तारखा मी मुद्दाम छापतो, म्हणजे महिना ओलांडल्यावर काय होतं तेही दिसतं. ताऱ्याची ती लकब प्रत्येक लायब्ररी तशीच पाळेल असं धरून चालू नका. दोन्ही रकाने भरलेले नसतील तर तो प्रश्नच उरत नाही.

ओळ बसवल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय घडलं ते लॉगमध्ये बघा. डेबियन-उबुंटूवर `journalctl -u cron`, रेड हॅटच्या घराण्यात `journalctl -u crond`. त्यात जॉब कधी सुटला ते कळतं, पण त्याने कोणत्या दिवसाचे आकडे घेतले ते कळत नाही. त्यासाठी `refresh.sh` ने दर वेळी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: आत्ता किती वाजले आणि आपण कोणत्या तारखेचा डेटा घेतला. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ‘शेवटचं रिफ्रेश’ ही वेळ दाखवण्याऐवजी ही दुसरी तारीख दाखवा. सोमवारी सकाळी तिथे शुक्रवार दिसला तर ओळ बरोबर आहे. रविवार दिसला, तर वाराचा रकाना पुन्हा उघडा.